रात्री साडेआठची फिरकी

जळगावात गणेश कॉलनीत काय किंवा धुळ्यात देवपुरात काय, इंटरनेटची तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लाइनमन येतो. मोबाइल काढतो, स्पीड टेस्टचं बटण दाबतो, काटा शंभराला टेकला की स्क्रीन आपल्याकडे फिरवतो. "काका, स्पीड तर फुल आहे. तुमच्या टीव्हीचा प्रॉब्लेम असेल." तो खोटं बोलत नाही. आकडा खरा असतो. त्याच रात्री मॅच रंगात आली की पडद्याच्या मधोमध तीच गोल फिरकी पुन्हा सुरू होते, हेही तितकंच खरं असतं. पुष्कळ घरांत तर रात्री, फिरकी चालू असतानाच टेस्ट केली तरी ऐंशी-नव्वद दिसतात. मग माणूस टीव्ही बदलायचा विचार करू लागतो.

टीव्हीवर खर्च करण्याआधी ती टेस्ट नेमकं काय मोजते, ते पाहायला हवं.

स्पीड टेस्टचं ॲप उघडलं की ते पहिल्यांदा जवळचा सर्व्हर शोधतं. जवळचा म्हणजे ज्याचं उत्तर सर्वांत लवकर येतं तो. ऊकला या कंपनीच्या टेस्टसाठी असे हजारो सर्व्हर जगभर आहेत आणि त्यांतले बरेचसे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीच आपापल्या जाळ्यात बसवलेले आहेत. त्यात लबाडी नाही, टेस्टची रचनाच तशी आहे. पण त्यामुळे होतं असं, की आपल्या घरातून निघालेली टेस्ट बहुतेक वेळा आपल्याच कंपनीच्या किंवा तिला इंटरनेट विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. सिनेमा तिथे ठेवलेला नसतो. घरापासून आकाशवाणी चौकापर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढं पाहून कोणी मुंबईपर्यंतचा हायवे मोकळा असल्याचा दाखला द्यावा, तसला हा प्रकार.

तेव्हा रस्ता बघू. घरातल्या राउटरपासून निघालेली फायबरची तार गल्लीतल्या खांबावरच्या स्प्लिटरला जाते. तिथे अनेक घरांच्या तारा एका तारेत मिसळतात आणि ती तार ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्रात शिरते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत अशा एका तारेवर येण्याच्या बाजूने अडीच गिगाबिटचा वेग असतो आणि साधारण चौसष्ट घरं तो वाटून घेतात. कमी खर्चाच्या दुसऱ्या पद्धतीत हाच वेग सव्वा गिगाबिट असतो. ओएलटीतून पुढे कंपनीचा मुख्य राउटर लागतो. आपल्या प्लॅनची शंभर एमबीपीएसची मर्यादा बहुधा इथेच लावलेली असते. इथपर्यंतचा सगळा मामला गावातला.

गावाबाहेर पडलं की गोष्ट बदलते. छोट्या इंटरनेट कंपनीचा परवाना 'क' वर्गाचा असतो. त्याचं क्षेत्र जुन्या टेलिफोन खात्याच्या विभागापुरतं, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यापुरतं. ही कंपनी मुंबईहून येणारी बँडविड्थ मोठ्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने घेते. केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेले कित्येक जण तर परवानाधारकही नसतात, वरच्या कंपनीचे फ्रँचायझी असतात. मुंबईत चांदिवली, महापे, वांद्रे-कुर्ला संकुल अशा ठिकाणी डेटा सेंटरं आहेत. नेटवर्कं एकमेकांना जिथे जोडली जातात अशी डी-सिक्स मुंबईसारखी एक्स्चेंजही त्याच परिसरात आहेत. खानदेशातल्या प्रेक्षकाला लागणारा व्हिडिओ बहुतांशी तिथपर्यंत येऊन थांबलेला असतो. तिथून जळगावापर्यंतचे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर तुटपुंजे पडले, की फिरकी सुरू.

अंतर लांब असल्याने व्हिडिओ अडतो, असं मात्र नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईला जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंद लागतात. तार सरळ रेषेत टाकलेली नसते, वाटेत यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात दहा-पंधरा धरा. एवढ्याने काहीच बिघडत नाही. अडचण त्या तारेतल्या विकत घेतलेल्या जागेची आहे, आणि ती जागा किती घ्यायची हा पैशाचा हिशेब आहे.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण व्यवहारातलं आहे. समजा एका कंपनीचे चार हजार ग्राहक आहेत आणि प्रत्येकाला तिने शंभर एमबीपीएसचा प्लॅन विकला आहे. विकलेला वेग झाला चारशे गिगाबिट. एवढा वेग मुंबईहून कोणीच विकत घेत नाही, घेण्याचं कारणही नाही, कारण सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. एक जागा किती जणांना विकायची, या प्रमाणाला या धंद्यात कंटेन्शन रेशो म्हणतात. ट्रायने मार्च २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी मार्गदर्शक प्रमाण दिलं होतं, एकास पन्नास. आपल्या कंपनीला ते लावलं तर चारशेला पन्नासने भागून आठ गिगाबिट पुरेसे ठरतात. कंपनी आठ गिगाबिट घेते. नियमाच्या भाषेत तिचं काही चुकलेलं नाही.

आता रात्रीचे साडेआठ. चार हजारांतल्या दर पाच घरांपैकी दोन घरांत व्हिडिओ चालू आहे, म्हणजे सोळाशे घरं. टीव्हीवर एचडी चित्राला नेटफ्लिक्स स्वतः पाच एमबीपीएसची शिफारस करतं. शेजारी कोणाच्या तरी हातात मोबाइल असतोच, तेव्हा घरटी सहा धरू. सोळाशे गुणिले सहा, नऊ गिगाबिट सहाशे मेगाबिट. उरलेल्या घरांतलं व्हॉट्सॲप, गेम, क्लासचे व्हिडिओ धरले की दहा गिगाबिट. घेतलेले आठ, हवेत दहा. सकाळी अकराला याच तारेवर दोन-तीन गिगाबिटच वाहत असतात. लाइनमन त्याच वेळी येतो.

२००९ साली एकास पन्नास हे प्रमाण चालून जायचं, कारण लोक पान उघडायचे आणि वाचत बसायचे. वाचताना तार रिकामी असायची. व्हिडिओ पाहणारा माणूस तास-दीड तास सलग वापरतो, आणि सगळे एकाच वेळी वापरतात. पूर्वी मालिकांची जी वेळ होती तीच आता ॲपवरच्या गर्दीची वेळ आहे. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, आणि २०२३ मध्ये जिओसिनेमाने तो फुकट दाखवला होता. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. या आकड्याला भारतभरच्या गावांच्या संख्येने भागून उपयोग नाही. प्रत्येक गावची तार वेगळी आणि तिचा लांबचा टप्पा कोणीतरी मोजून-मापून घेतलेला.

दहा गिगाबिटला आठची जागा मिळाली तर प्रत्येकाला ऐंशी टक्के मिळतील, चित्र जरा धूसर होईल आणि भागेल, असं वाटतं. तसं घडत नाही. जागा भरली की राउटर येणारी पाकिटं रांगेत ठेवतो आणि रांगही भरली की टाकून देतो. रांगेमुळे जाण्यायेण्याचा वेळ वाढतो. टाकून दिल्यामुळे पाकीट पुन्हा मागवावं लागतं. आणि पाकीट हरवल्याचं कळलं की पाठवणारा सर्व्हर समजतो, रस्त्यात गर्दी आहे, आपण हळू व्हावं. इंटरनेटवरची बहुतेक जोडणी टीसीपी या पद्धतीने चालते आणि टीसीपीचा हा शिष्टाचार आहे. तो नसता तर सगळंच जाळं कोसळलं असतं.

किती हळू, याचं एक सूत्र मॅथ्यू मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. एका जोडणीचा वेग जाण्यायेण्याच्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि हरवलेल्या पाकिटांच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात. सकाळी जाण्यायेण्याला १५ मिलिसेकंद लागतात आणि दहा हजारांत एक पाकीट हरवतं असं धरा. नेहमीच्या आकाराची पाकिटं घेतली तर सूत्रातून एका जोडणीला सुमारे ९५ एमबीपीएस मिळतात. रात्री रांगेमुळे १५ चे ४० मिलिसेकंद झाले आणि शंभरात एक पाकीट हरवू लागलं, तर तीच जोडणी साडेतीन एमबीपीएसवर येते. शंभरात एक! नव्याण्णव टक्के पाकिटं सुखरूप पोचत असताना वेग सव्वीस-सत्तावीस पटींनी घटतो.

स्पीड टेस्टचं दुसरं गुपित इथेच आहे. टेस्ट एक जोडणी उघडत नाही, एकाच वेळी बऱ्याच उघडते आणि त्यांची बेरीज दाखवते. समजा टेस्टचा सर्व्हर गावात नसून मुंबईत आहे आणि टेस्टलाही त्याच भरलेल्या तारेवरून जावं लागतंय. सोळा जोडण्यांना प्रत्येकी साडेतीन मिळाले तरी बेरीज छप्पन्न होते. शंभराच्या प्लॅनवर छप्पन्न पाहून माणूस म्हणतो, मॅचला तर पाच लागतात, इथे छप्पन्न आहेत, मग फिरकी का? कारण त्याच्या टीव्हीचा व्हिडिओ एखाद-दुसऱ्या जोडणीवरून येतोय आणि तिच्या वाट्याला साडेतीनच आलेत. सर्व्हर गावातच असेल तर छप्पन्नही नाही, पूर्ण शंभर दिसतील.

इथे एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर वाचकांतला एखादा इंजिनिअर पत्र लिहील. हे सूत्र जुन्या धाटणीच्या टीसीपीचं आहे. गूगल आपल्या सर्व्हरवर बीबीआर नावाची वेगळी पद्धत वापरतं. ती थोड्या गळतीने लगेच माघार घेत नाही. त्यामुळे एकाच घरात, एकाच रात्री, यूट्यूब चालतं आणि दुसरं ॲप अडखळतं, असंही दिसतं.

साडेतीन एमबीपीएसवर फिरकी नेमकी कशी येते? ऑनलाइन व्हिडिओ सलग धारेसारखा येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार असतो. प्लेअर एकेक तुकडा मागवतो, साठवतो आणि साठ्यातून दाखवतो. चार सेकंदांचा तुकडा पाच एमबीपीएसच्या दर्जाचा असेल तर त्यात वीस मेगाबिट असतात. साडेतीनच्या वेगाने तो यायला पावणेसहा सेकंद लागतात. म्हणजे चार सेकंदांचा माल येईपर्यंत साठ्यातले पावणेसहा सेकंद खर्च होतात. साठा तीस सेकंदांचा असेल तर साधारण दीड-पावणेदोन मिनिटांत संपतो. शहाणा प्लेअर तोवर खालच्या दर्जाचे तुकडे मागवू लागतो. चित्र धूसर होतं, पण थांबत नाही. ज्याने दर्जा हाताने १०८० वर ठेवलाय, किंवा ज्याच्या टीव्हीतलं जुनं ॲप हे नीट करत नाही, त्याच्याकडे चित्र थांबतं. थेट सामन्याला साठाच काही सेकंदांचा, कारण पुढचे चेंडू अजून पडलेले नसतात. म्हणून जुना सिनेमा सुरळीत चालतो आणि मॅच अडते. मॅच अडली की शेजारच्या घरातून आधीच आरडाओरडा ऐकू येतो, हा वेगळा मनस्ताप.

आता आपल्या आठ गिगाबिटवाल्या कंपनीकडे परत येऊ, कारण ते आठ गिगाबिट एकजिनसी नसतात. गूगल, नेटफ्लिक्स, फेसबुक यांसारख्या कंपन्या आपला लोकप्रिय माल ठेवलेली यंत्रं इंटरनेट कंपन्यांच्या घरात बसवतात. नेटफ्लिक्सची ही योजना ओपन कनेक्ट नावाने २०११-१२ च्या सुमारास सुरू झाली. यंत्र फुकट मिळतं, ते पहाटेसारख्या निवांत वेळी नवा माल भरून घेतं आणि रात्री तिथूनच वाटतं. पण ते मिळण्यासाठी पुरेशी मोठी रहदारी दाखवावी लागते. चार हजार ग्राहकांच्या कंपनीला ते सहसा मिळत नाही. तिला वरच्या कंपनीच्या यंत्रापर्यंत जाण्यासाठी वेगळी, स्वस्त जागा विकत मिळते. त्याला ऑपरेटर लोक 'कॅश' किंवा 'पिअरिंग' म्हणतात. बाकीच्या इंटरनेटसाठी महाग जागा घ्यावी लागते. आपल्या कंपनीने समजा सहा गिगाबिट कॅश घेतली आणि दोन गिगाबिट इंटरनेट.

यातून लक्षणं वेगवेगळी होतात आणि ती ओळखता येतात. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोन्ही रात्री अडखळत असतील, पण लहान संकेतस्थळं झटपट उघडत असतील, तर कॅशची जागा भरलीय. उलट यूट्यूब निर्वेध चालतंय आणि मॅचच तेवढी अडतेय, तर त्या ॲपचा माल इंटरनेटच्या दोन गिगाबिटमधून येत असण्याची शक्यता जास्त, आणि मॅचच्या दिवशी ते दोन गिगाबिट अख्खं गाव वापरत असतं. दोन्ही प्रसंगी स्पीड टेस्ट निर्दोष असू शकते. तिचा सर्व्हर या दोन्ही जागांच्या अलीकडे आहे.

ऑपरेटरला हे माहीत नसतं असं नाही. त्याच्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांशेजारी जो संगणक असतो, त्यावर प्रत्येक तारेचा आलेख चालू असतो. निरोगी तारेचा आलेख संध्याकाळी चढतो, साडेनऊच्या सुमारास टोक गाठतो आणि उतरतो. भरलेल्या तारेचा आलेख आठला चढतो, एका रेषेला डोकं टेकवतो आणि अकरापर्यंत सपाट राहतो. हा सपाटपणाच पुरावा आहे. आलेखावरचा प्रत्येक बिंदू बहुधा पाच मिनिटांची सरासरी असतो, हेही लक्षात ठेवावं. सरासरी नव्वद टक्के दिसत असताना मधल्या काही सेकंदांत तार शंभरला टेकून गेलेली असते, पाकिटं गळालेली असतात. म्हणून जाणते लोक तार ऐंशी टक्के भरली की पुढची जागा मागवतात.

ही ऐंशीची मर्यादा ट्रायच्याही कागदावर होती. ६ ऑक्टोबर २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्तेच्या नियमांत दोन वेगळी कलमं होती. एक वेगाचं: विकलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त वेग मिळायला हवा, आणि तो मोजायचा 'कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत'. दुसरं वरच्या तारांचं: गर्दीच्या तासात त्या ऐंशी टक्क्यांच्या आत राहायला हव्यात. पहिलं कलम ग्राहकाला मोबाइलवर तपासता येतं. दुसऱ्याचा आलेख ऑपरेटरच्या खोलीत असतो. लाइनमन सकाळी येऊन पहिलं कलम सिद्ध करून जातो आणि आपलं भांडण असतं दुसऱ्याचं. २००६ च्या नियमांची जागा २०२४ मध्ये नव्या नियमांनी घेतली, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. घरातलं दृश्य बदललेलं नाही.

हे फक्त छोट्या गावांचं दुखणं आहे, असा समज होऊ नये. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये हेच झालं, आणि तिथे सगळे पक्ष गडगंज होते. कॉमकास्टच्या ग्राहकांचा नेटफ्लिक्सचा वेग २०१३ च्या अखेरीपासून घसरत गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी पैसे द्यायचं कबूल केलं आणि वेग काही आठवड्यांत सुधारला. घराघरांतली तार तीच, प्लॅन तोच. त्याच वर्षी जुलैत व्हेरायझनच्या एका ग्राहकाने साधा प्रयोग केला. त्याचा प्लॅन ७५ एमबीपीएसचा होता आणि नेटफ्लिक्स मिळत होतं ३७५ किलोबिटने. त्याने व्हीपीएन लावलं, म्हणजे रहदारी दुसऱ्या रस्त्याने वळवली, आणि वेग तीन हजार किलोबिटवर गेला. त्याच महिन्यात व्हेरायझनने खुलासा केला होता की आमच्या जाळ्यात कुठेही गर्दी नाही, गर्दी नेटफ्लिक्सचा माल आणणाऱ्या बाजूच्या जोडावर आहे. माल आणणारी कंपनी होती लेव्हल थ्री. तिने उत्तर दिलं की लॉस एंजेलिसमध्ये दोघांची यंत्रं एकाच इमारतीत आहेत, दहा गिगाबिटचे आणखी काही पोर्ट जोडले की प्रश्न मिटतो, आणि कार्ड व तारेचा खर्चही आम्ही देतो. भांडण त्या तारेचे पैसे कोणी द्यायचे याचं होतं. जळगावातही ते त्याचंच असतं, फक्त तिथे निवेदनं निघाली आणि इथे कोणी निवेदन काढत नाही.

घरबसल्या निदान करायचं तर क्रम असा ठेवावा. पहिली शंका वायफायवर घ्यावी, कारण संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे राउटर जागे असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, आणि जुन्या टीव्हींना तोच पट्टा कळतो. टीव्हीला राउटरपासून साधी लॅन केबल जोडून एक संध्याकाळ काढावी. फिरकी गेली, तर हा लेख तुमच्यासाठी नव्हता. केबल शक्य नसेल तर विंडोजचा लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून रात्री नऊला कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी चालवाव्यात:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 1.1.1.1
```

पहिली ओळ घरातल्या राउटरला शंभर हाका मारते (पत्ता काही राउटरांत वेगळा असतो, तो राउटरखालच्या चिठ्ठीवर सापडतो). इथे उत्तरं एक-दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवीत. इथेच शंभर-दोनशेच्या उड्या दिसल्या तर दोष घरात आहे. दुसरी ओळ बाहेरच्या सर्व्हरला हाका मारते. सकाळचा आणि रात्रीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. सकाळी पंधरा, रात्री साठ आणि शंभरांतल्या दोन-तीन हाका अनुत्तरित, तर वाटेत रांग लागलीय. मात्र दुसरी ओळ चांगली आली म्हणून मॅचचा रस्ता मोकळा ठरत नाही, तो रस्ता वेगळा असू शकतो.

म्हणून तिसरी पायरी व्हिडिओवरच मोजायची. fast.com हे पान नेटफ्लिक्सचं आहे, २०१६ पासून चालू आहे आणि ते नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून माल ओढून वेग दाखवतं. नेहमीच्या टेस्टला शंभर आणि इथे त्याच क्षणी बारा, असा फरक दिसला की बोलण्यासारखं काही उरत नाही. यूट्यूबवर संगणकात व्हिडिओवर उजवी क्लिक करून Stats for nerds निवडावं. त्यातल्या Buffer Health या ओळीत साठा किती सेकंदांचा आहे ते दिसतं. तो आकडा वीस-तीसच्या आसपास टिकून असेल तर रस्ता ठीक आहे. एकेक सेकंद घटत शून्याकडे जाताना दिसला, तर फिरकी येणार हे आधीच कळतं. घटतोय पण चित्राचा दर्जा आधीच खाली उतरलाय, असंही असतं. तेव्हा Current / Optimal Res ही ओळही बघावी.

चौथी पायरी त्या अमेरिकन ग्राहकाची. मोबाइलवर विश्वासार्ह व्हीपीएन लावून त्याच वेळी तोच यूट्यूब व्हिडिओ पाहावा. व्हीपीएनमधून सुरळीत आणि त्याशिवाय अडखळत, तर तार आणि वायफाय दोन्ही निर्दोष ठरतात. दोष कॅशच्या जागेत किंवा त्या एका जोडावर. (काही ॲप व्हीपीएन ओळखून चित्रच दाखवत नाहीत, म्हणून प्रयोग यूट्यूबवर.) दोन्हीकडे सारखंच अडखळलं आणि रात्रीची नेहमीची टेस्टही वीस-तीसवर आली, तर दोष गावातच आहे: गल्लीतल्या स्प्लिटरवर घरं जास्त झालीत किंवा ओएलटीपासून निघणारी तार भरलीय. तो दोष दुरुस्त करणं ऑपरेटरच्या हातात असतं आणि त्याला मुंबईला फोन करावा लागत नाही. तिसऱ्या शक्यतेत, म्हणजे टेस्ट फुल आणि सगळेच व्हिडिओ रात्री रडतात तेव्हा, त्याला वरची जागा विकत घ्यावी लागते. ती महिन्याच्या भाड्याची असते, रात्रीच्या तीन तासांसाठी चोवीस तासांचे पैसे मोजावे लागतात, आणि शेजारच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी ४०० रुपयांत प्लॅन विकत असतो. ऑपरेटर दुष्ट असतो असं मला वाटत नाही. स्वस्त प्लॅन आणि रिकामी तार एकाच बिलात बसत नाहीत, आणि आपण प्लॅन निवडताना फक्त एमबीपीएसचा आकडा वाचतो.

तक्रार करताना म्हणून "नेट स्लो आहे" हे वाक्य वापरू नये. त्याचं उत्तर सकाळी अकराची टेस्ट हेच येणार. कस्टमर केअरला लेखी कळवावं: अमुक तारखांना रात्री साडेआठ ते साडेदहा, लॅन केबलवर, नेहमीची टेस्ट इतकी, fast.com इतकं, पिंगची गळती इतकी. सकाळी हेच आकडे इतके. वायफायचा दोष नाही. गर्दीच्या तासात अपलिंक आणि कॅशची जागा किती टक्के भरते ते कळवावं. डॉकेट नंबर मागून घ्यावा, आणि उत्तर नाही आलं तर त्याच नंबराच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावं. एकाच गल्लीतल्या पाच-सहा घरांनी त्याच रात्रीचे आकडे एकत्र दिले तर जास्त चांगलं, कारण एका घराचा दोष टीव्हीवर ढकलता येतो, सहा टीव्ही एकदम बिघडल्याचं सांगणं लाइनमनलाही जड जातं. आणि त्याला सकाळी येऊ देऊ नये. रात्री नऊला बोलवावं, मॅच चालू असताना.